युनिफॉर्मला हो म्हणायचं की नाही हे शेवटच्या पानावर ठरतं

"माझी मुलगी नववीत आहे. तिच्या शाळेत आजवर युनिफॉर्म नव्हता, आता नवीन मुख्याध्यापिका आल्यात आणि त्या म्हणतात पुढच्या वर्षीपासून सुरू करू, शिस्त येईल, भांडणं कमी होतील. त्यांनी मीटिंगमध्ये अमेरिकेतल्या लाँग बीचचं उदाहरण दिलं, तिथे म्हणे युनिफॉर्म आला आणि गुन्हेच कमी झाले. मी पालक समितीत आहे, मला मत द्यायचंय. मुलगी म्हणते तुम्ही माझी ओळखच पुसताय, दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही. नवरा म्हणतो एवढं काय आहे त्यात, आपण नाही का घातला. मला दोघांचंही पटतं. काय करू?"
- मधल्यामध्ये सापडलेली आई

ताई, मत काय द्यायचं ते नंतर बघू, आधी शाळेकडे एक वही मागा. मागच्या अख्ख्या वर्षात बेशिस्तीच्या म्हणून ज्या नोंदी झाल्या त्यांची. मुलांची नावं नकोत, फक्त काय घडलं आणि किती वेळा घडलं एवढंच. बहुतेक शाळांमध्ये हे कुठे ना कुठे लिहिलेलं असतंच, रजिस्टरमध्ये नाहीतर कॉम्प्युटरवर. ती घेऊन बसा आणि प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारा, की त्या दिवशी त्या पोराच्या अंगात युनिफॉर्म असता तर हे घडलं नसतं का?

समजा 120 नोंदी निघाल्या. (आकडे मी उदाहरणापुरते घेतेय, तुमच्या शाळेचे वेगळे असतील.) त्यातल्या 50 उशिरा येण्याच्या, 30 तासाला गोंधळ नाहीतर उलट उत्तरं दिल्याच्या, 20 मारामारीच्या, 12 मोबाइलच्या आणि 8 कपड्यांवरून झालेल्या. आता उशिरा उठणारा युनिफॉर्म घालूनही उशिराच उठणार. मोबाइल तर खिशातच असतो, खिसा कुठल्या रंगाचा आहे त्याच्याशी मोबाइलला काय देणंघेणं. मारामाऱ्यांमध्ये कपड्यांवरून चिडवलं म्हणून सुरू झालेल्या 3 असतील असं धरू. म्हणजे 8 अधिक 3, 120 पैकी 11 नोंदी. बाकीच्या 109 ला युनिफॉर्मचा काही उपयोग नाही. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशातली गत.

आता उलटी बाजू बघा, जी मीटिंगमध्ये कुणी सांगत नाही. युनिफॉर्म आला की त्याच्याबरोबर नियमांची एक नवी यादी येते. बूट काळेच, मोजे ह्याच उंचीचे, शर्ट इन केलेला, केस असे, स्वेटर ह्याच शेडचा. शाळेत 600 मुलं असतील आणि रोज त्यातल्या शंभरात एकाचंच काहीतरी चुकलं तरी दिवसाला 6 झाले, 200 दिवसांची शाळा धरली तर वर्षाला 1200. आधी 120 नोंदी होत्या, त्यात आता ह्या 1200 ची भर. पोरं तीच, स्वभाव तेच, फक्त चुका मोजायला नवीन जागा मिळाली. आणि ह्या 1200 नोंदी करायला दारात कुणीतरी उभं राहावं लागतं, ते बहुतेक शिक्षकच असतात, आणि त्यांचा तो वेळ कुठूनतरी कापलेलाच असतो.

मला हे माहितीये कारण दारात मी उभी राहिलेय. कॉलममध्ये यायच्या आधी सात वर्षं मी शाळेत शिकवलं, आठवड्यातून दोन दिवस गेटची ड्युटी असायची. एक आठवीतला मुलगा होता, शांत, मागच्या बाकावर बसून वहीच्या कोपऱ्यात जहाजं काढणारा. एकदा तो करड्या रंगाचे स्पोर्ट्स शूज घालून आला, काळे बूट फाटले होते आणि नवीन यायला वेळ होता. नियम होता की बूट बरोबर नसतील तर परत घरी. मी त्याला परत पाठवला. दोन दिवसांनी परत तेच, परत पाठवला, पहिला तास गणिताचा असायचा, तो दोन्ही वेळा बुडाला. तिसऱ्या वेळी तो गेटपर्यंत आला, लांबूनच मला बघितलं, आणि स्वतःहून वळून गेला, त्या दिवशी तो शाळेत आलाच नाही. वर्षाच्या शेवटी बेशिस्त मुलांची यादी निघाली त्यात त्याचं नाव माझ्या अक्षरात होतं. आणि त्याच शाळेत एक पोरगा लहान मुलांकडून रोज दमदाटी करून पैसे उकळायचा, त्याचा युनिफॉर्म कसा असायचा सांगू, कडक इस्त्री, बूट चकाचक, टायची गाठ अशी की फोटो काढावा. गेटवर त्याला कुणीच कधी अडवला नाही, मीसुद्धा नाही.

तर शिस्त म्हणजे नक्की काय मोजताय हे बाईंना विचारा. दिसणारी शिस्त हवी असेल तर युनिफॉर्मने ती पहिल्याच दिवशी येते, अख्खी रांग एका रंगाची दिसते, बघणाऱ्याला बरं वाटतं. पण भांडणं, दादागिरी, तासाला लक्ष न देणं हे कमी व्हायला हवं असेल तर ते वेगळं काम आहे.

आता लाँग बीच. उदाहरण खोटं नाहीये, अर्धं आहे. कॅलिफोर्नियातल्या त्या शाळा जिल्ह्याने 1994 मध्ये आठवीपर्यंतच्या मुलांना युनिफॉर्म लावला आणि शाळांमधले नोंदवलेले गुन्हे खरंच खूप कमी झाले. 1996 मध्ये तर बिल क्लिंटननी संसदेपुढच्या वार्षिक भाषणात युनिफॉर्मचा विषय काढला, शिक्षण खात्याने युनिफॉर्मवर मार्गदर्शक पुस्तिका छापली, आणि मग देशभर लाट आली. पण लाँग बीचमध्ये त्याच सुमाराला शिकवण्याच्या पद्धतीत आणि अभ्यासाच्या निकषांतही बदल चालू होते, मग गुन्हे कमी झाले ते शर्टामुळे की बाकीच्यामुळे हे वेगळं काढताच येत नाही. घरात नवीन पंखा लावला, त्याच आठवड्यात पाऊस पडला आणि आपण म्हणतो बघा पंखा किती गार आहे, तसं.

आणि माझ्या मते तुमच्या कामाचा मुद्दा पुढेच आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात युनिफॉर्मला परवानगी देताना अटी घातलेल्या आहेत. पालकांना किमान सहा महिने आधी कळवायचं, ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी सोय करायची, आणि ज्या पालकांना नको असेल त्यांना मुलाला बाहेर ठेवायचा मार्ग द्यायचा, वर त्या मुलावर अभ्यासात किंवा दुसऱ्या कशात त्याचा राग काढायचा नाही. म्हणजे ज्या यशाची गोष्ट सांगतात ना, तिथे "नको" म्हणायला दार उघडं होतं. बाईंनी आकडे आणले पण हे दार आणलं का बघा.

पुढे ज्यांनी नीट मोजून बघितलं त्यांना शिस्तीच्या बाबतीत फारसं काही सापडलं नाही. 1998 मध्ये ब्रन्समा आणि रॉकेमोर ह्या दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या दहावीच्या मुलांचा देशभरचा डेटा तपासला, वागणूक, हजेरी, व्यसनं ह्या कशावरच युनिफॉर्मचा थेट परिणाम दिसला नाही. 2022 मध्ये सुमारे 6000 मुलांचा बालवाडीपासून पाचवीपर्यंतचा अभ्यास आला, शिक्षकांनी मुलांच्या वागणुकीला दिलेले गुण युनिफॉर्मवाल्या आणि बिनयुनिफॉर्मच्या शाळांत सारखेच, गरीब घरच्या मुलांची हजेरी थोडीशी बरी पण फरक वर्षाला एका दिवसापेक्षाही कमी. उलट युनिफॉर्मवाल्या शाळांतल्या पाचवीच्या मुलांना शाळा जरा कमीच आपली वाटत होती. आपण तर नेहमी म्हणतो सगळे एकसारखे दिसले की आपलेपणा येतो. युनिफॉर्ममुळेच हे होतं असं त्यावरून म्हणता येत नाही, पण आपलेपणाचा दावा तेवढा तपासून घ्यायला हवा.

बाईंच्या बाजूचंही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. 2016 मध्ये बाउमन आणि क्रस्कोव्हा ह्यांनी पिसा ह्या आंतरराष्ट्रीय शालेय परीक्षेच्या वेळी मुलांकडून भरून घेतलेली माहिती घेऊन वेगवेगळे देश ताडून बघितले, तर जिथे युनिफॉर्म आहे तिथली मुलं वर्गात जास्त ऐकतात, आवाज कमी, शिक्षकांना शिकवायला सुरुवात करायला कमी थांबावं लागतं असं दिसलं. पण देशादेशांत युनिफॉर्म सोडून शंभर गोष्टी वेगळ्या असतात, मोठ्यांशी कसं बोलायचं, वर्ग केवढा, परीक्षा कशी, सगळंच. एका शहराच्या आत बघायचं तर 2012 चा जेंटाइल आणि इम्बरमन ह्यांचा अभ्यास मला जास्त कामाचा वाटतो, त्यात वरच्या इयत्तांतल्या मुलींची हजेरी थोडी सुधारली होती आणि प्राथमिक शाळांत शिक्षक टिकून राहायचं प्रमाण वाढलं होतं, पण बेशिस्तीच्या नोंदींवर काही खास परिणाम नाही. तेव्हा बाई जर म्हणाल्या असत्या की सकाळची कटकट वाचेल, सहलीला मुलं पटकन ओळखू येतील, बाहेरचा माणूस आवारात शिरला तर लक्षात येईल, तर मी म्हटलं असतं ठीक आहे, ही खरी कारणं आहेत. ह्या कारणांसाठी युनिफॉर्म आणायला माझा विरोध नाही.

आता लेकीकडे येऊ. तुम्ही तिला "ओळख" ह्या शब्दावर अडवू नका, तो मोठा शब्द आहे, त्यावर फक्त वाद होतो. तिला विचारा, नक्की काय जातंय तुझं? आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. (हे सगळ्यात अवघड, मला अजून जमत नाही.) कदाचित निघेल की तिला रंग आवडला नाही, मग ते इतकं गंभीर नाही. एकसारख्या शर्टातसुद्धा मुलं स्वतःचं काहीतरी शोधतातच, कुणी बाही दुमडतं, कुणी मोजा खाली सरकवतं, कुणी दप्तरावर बॅजेस लावतं, गेटवर उभं राहिलं की लांबून चालण्यावरून आणि दप्तरावरून पोरं ओळखू येतात. आणि युनिफॉर्म नसतो तिथेही एक युनिफॉर्म असतोच, नववीतल्या मुली एकमेकींकडे बघूनच कपडे घालतात, वेगळं घालून आलेलीला पहिल्या सुट्टीत कळतं की आज चुकलं. तेव्हा तेवढ्यापुरती ती अतिशयोक्ती करतेय असं मला वाटतं.

पण कदाचित दुसरं काही निघेल. मुलींना स्कर्टच असं प्रस्तावात असेल, आणि तिला सायकल चालवताना, जमिनीवर बसताना, पाळीच्या दिवसांत त्याची सतत धास्ती असेल. केस अमुकच लांबीचे असा नियम असेल. अंगावर घातलेली एखादी गोष्ट काढायला लावणार असतील जी तिच्यासाठी दागिना नाहीये. इथे मी शंभर टक्के तिच्या बाजूने आहे. ओळख दाबली जाते ती शर्टाने सहसा नाही, ती नियमांच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात.

ह्याची एक केस आहे, ती मीटिंगमध्ये सांगण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बनमधल्या मुलींच्या एका शाळेत युनिफॉर्मचा नियम होता की दोन्ही कानांत साधे एक एक टॉप्स आणि मनगटी घड्याळ चालेल, बाकी काही नाही. 2004 मध्ये दक्षिण भारतीय वंशाची एक मुलगी सुट्टीत नाक टोचून आली, लहानशी सोन्याची चमकी. शाळा म्हणाली काढ. आईने कळवलं की आमच्या घरात मुलगी वयात आली की चमकी घालतात, ही फॅशन नाही. शाळेने सूट नाकारली. प्रकरण कोर्टात गेलं, पहिल्या कोर्टाने शाळेची बाजू घेतली, वरच्याने फिरवली, आणि 2007 मध्ये थेट तिथल्या संविधान न्यायालयाने निकाल दिला की सूट न देणं हा भेदभाव आहे.

ह्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे कोर्टाने युनिफॉर्मला नावं ठेवली नाहीत. युनिफॉर्मचे फायदे आहेत हे मान्य केलं. पण शाळेचं म्हणणं होतं की एकीला सूट दिली की शिस्त मोडेल, आणि त्यावर कोर्टाने पुरावा बघितला. मुलगी दोन वर्षं चमकी घालून शाळेत जात होती, त्यात शिस्त बिघडल्याचं काहीही दाखवता आलं नाही. आणि उद्या सगळेच आपापल्या रिवाजाचं घालून येतील ही जी भीती असते, त्यावर सरन्यायाधीश पायस लांगा ह्यांनी लिहिलं त्याचा आशय असा की आजवर घाबरून गप्प बसलेली मुलं आता आपला धर्म, आपली संस्कृती मोकळेपणी दाखवायला लागली तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आनंदाचंच आहे. शाळेला नियमावलीत सूट मागायची रीतसर पद्धत घालायला सांगितली. फक्त निकाल येईपर्यंत ती मुलगी शाळा संपवून गेली होती. सूट मागायची पद्धत आधीच लिहिलेली नसली की असं होतं, न्याय मिळतो पण तोवर दप्तर माळ्यावर गेलेलं असतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, ही केस रिवाजाची होती. तुमच्या लेकीला उद्या केस निळे रंगवायचे असतील तर हा निकाल तिच्या उपयोगाचा नाही, कोर्टाने मनाला वाटेल ते घालायची मोकळीक दिली असं त्यातून काढू नका, मीटिंगमध्ये कुणीतरी ते पकडेल आणि मग तुमचा सगळाच मुद्दा पडेल.

आता मत. मी तुमच्या जागी असते तर हो किंवा नाही असं आधी सांगितलंच नसतं, नियमावलीचा पूर्ण मसुदा मागितला असता आणि तो हातात आल्याशिवाय मतदान होऊ दिलं नसतं. बऱ्याचदा होतं काय, समितीपुढे दोन रंगांचे कापडाचे तुकडे येतात, निळा घ्यायचा की करडा ह्यावर तासभर चर्चा, आणि शिक्षा काय, सूट कशी, हे "शाळा ठरवेल" ह्या एका ओळीत जातं. ती ओळ तुमचा खरा विषय आहे.

मसुद्यात मी सगळ्यात आधी एक वाक्य शोधलं असतं, की कपड्यांवरून कुठल्याही मुलाचा एकही तास बुडणार नाही. घरी पाठवणं नाही, वर्गाबाहेर उभं करणं नाही, ऑफिसमध्ये बसवून ठेवणं नाही. चूक असेल तर पालकांना चिठ्ठी, आणि शाळेत बूट, स्वेटरचे दोन-चार जादा जोड ठेवायचे, मूल ते घालून गुपचूप वर्गात जाईल. हे एक वाक्य नसेल तर मी सरळ नाही म्हटलं असतं, कारण त्या जहाजं काढणाऱ्या पोराचं काय झालं ते मी बघितलंय. दुसरं म्हणजे सूट मागायचा अर्ज कुणाकडे द्यायचा, किती दिवसांत उत्तर येणार, आणि उत्तर येईपर्यंत मूल जसं आहे तसं वर्गात बसेल की नाही, हे लिहिलेलं हवं. पँट की स्कर्ट हे मुलामुलीने ठरवायचं, कुठलीही जोडी कुणालाही. आणि कपडे असे की कुठल्याही दुकानात मिळतील, शाळेचा लोगो हवाच असेल तर एका बिल्ल्यावर.

आणि कपड्यांच्या चुका बेशिस्तीच्या वहीत लिहायच्या नाहीत, त्यांची वेगळी वही करायची. बाईंना हे आवडणार नाही कदाचित, पण त्यांनाच खरं वाटत असेल की शिस्त येणार आहे तर त्यांना अडचण नसावी. आज तुम्ही मागवलेल्या वहीतल्या मारामाऱ्या, दादागिरी, तासाचा गोंधळ ह्यांचे आकडे एका कागदावर लिहून समितीच्या फाइलला लावा. वर्षाने तेच आकडे परत मोजा. पहिल्या तासाची हजेरीसुद्धा मोजा, कारण गेटवर काहीतरी बिनसतंय हे सगळ्यात आधी तिथेच दिसतं. मारामाऱ्या 20 च्या 18 झाल्या तर लगेच ढोल वाजवू नका, एवढा फरक दरवर्षी नुसता असाच पडतो, 20 च्या 8 झाल्या आणि त्या वर्षात दुसरं काही बदललं नसेल तर मी माझे शब्द मागे घेईन, तसं मला लिहून कळवा.

नवऱ्याला सांगा, आपण घातला हे खरं, पण आपल्यातला कोण परत पाठवला जायचा हे आपल्याला आठवत नाही कारण तो आपण नव्हतो. आणि लेकीला मसुदा वाचायला द्या, समितीच्या आधी. नववीतली मुलं असली कागदपत्रं फार बारकाईने वाचतात, नियमातली पळवाट त्यांना आपल्या आधी दिसते. तिला पेन्सिल द्या आणि म्हणावं जिथे जिथे खटकतंय तिथे खूण कर. दोन दिवस बोलली नाहीये ना, खुणा करून झाल्यावर तिसऱ्या दिवशी बहुतेक तुम्हालाच म्हणेल थांब आई, ह्या मोज्यांच्या कलमात घोळ आहे.